दिवसांना ३६५ ने भागून वय का चुकतं, आणि मग काढायचं कसं

प्रश्न: आमच्या फॉर्ममध्ये १८ पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाता येऊ नये अशी अट आहे. मी आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करतो, जे दिवस येतात त्याला ३६५ ने भागतो आणि पूर्णांक घेतो. टेस्टरने १५ मार्च २००६ टाकून बघितलं तर १० मार्च २०२४ लाच १८ दाखवतंय. टीममधला एक जण म्हणतो ३६५.२५ ने भाग, दुसरा म्हणतो ३६५.२४२५ ने भाग. नक्की कुठला आकडा बरोबर?

उत्तर:

कुठलाच नाही. तुमचे दोन्ही सहकारी आकडा सुधारायला बघतायत पण घोळ आकड्यात नाहीये, भागाकारातच आहे. वयाच्या अटी असलेल्या सिस्टीमवर मी बरीच वर्षं काम करतोय आणि कोड रिव्ह्यूमध्ये ही ओळ दिसली की मी पुढचं काही वाचत नाही, आधी तिथेच थांबतो, कारण ३६५ काढून ३६५.२५ टाकलं की बग जात नाही, फक्त सापडायला अवघड होतो.

आधी तुमच्या टेस्टरची केस हाताने सोडवू. ३६५ गुणिले १८ म्हणजे ६५७०. तुमचा कोड ६५७० दिवस झाले की १८ म्हणतो. पण १५ मार्च २००६ ते १५ मार्च २०२४ यात प्रत्यक्षात ६५७५ दिवस आहेत, कारण मधे २००८, २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ अशा पाच २९ फेब्रुवारी येऊन गेल्या. म्हणून तुमचा कोड बरोबर पाच दिवस आधी, १० तारखेला, वाढदिवस साजरा करून मोकळा. माणूस जितका मोठा तितक्या जास्त २९ फेब्रुवारी त्याच्या खात्यात, तितकी चूक मोठी. साठाव्या वर्षी ती साधारण १५ दिवसांची होते.

आता हे इतके दिवस कोणाच्या लक्षात का येत नाही तेही बघा. अठराच्या आसपासच्या माणसाचं उत्तर वर्षातल्या चार-पाच दिवसच चुकीचं असतं, बाकी ३६० दिवस छान बरोबर येतं. आपण टेस्ट करताना स्वतःची जन्मतारीख टाकतो, शेजारच्याची टाकतो, दोन्ही बरोबर दिसतात आणि कोड पुढे जातो. तुमच्या टेस्टरने नेमकी वाढदिवसाच्या अलीकडची तारीख घेतली म्हणून सापडलं, त्याचे आभार माना.

बरं, आता ३६५.२५. यात तर्क असा की चार वर्षांत एक दिवस जास्तीचा येतो तर तो वाटून टाकू. १८ गुणिले ३६५.२५ म्हणजे ६५७४.५. तुमच्या टेस्टरची तारीख घेतली तर १५ मार्च २०२४ ला ६५७५ दिवस होतात, म्हणजे १८, आणि आदल्या दिवशी ६५७४, म्हणजे १७. एकदम बरोबर, टेस्ट पास. आता जन्मतारीख फक्त दोन वर्षं मागे न्या, १५ मार्च २००४. याचा अठरावा वाढदिवस १५ मार्च २०२२ ला, आणि मधे २९ फेब्रुवारी आल्या चारच (२००८, २०१२, २०१६, २०२०, कारण २००४ ची जन्माच्या आधीच होऊन गेली). म्हणजे दिवस ६५७४, अर्धा दिवस कमी पडला, वाढदिवसाच्या दिवशी कोड म्हणतो १७. पहिल्या वाढदिवसाची तर अजूनच मजा, ३६५ भागिले ३६५.२५ म्हणजे ०.९९ काहीतरी, पूर्णांक शून्य, बाळ अजून जन्मायचंच आहे जणू.

एक गंमत लक्षात ठेवा. वय चारच्या पटीत असेल, २०, ४०, ६०, तर हल्लीच्या तारखांना ३६५.२५ दरवेळी बरोबर येतं, कारण कुठलीही सलग चार वर्षं घेतली तर १४६१ दिवसच भरतात (१९०० किंवा २१०० मधे येत नाही तोवर, ती दोन लीप वर्षं नाहीत). त्यामुळे ज्याची अट ६० ची आहे तो शपथेवर सांगतो की माझ्याकडे ३६५.२५ व्यवस्थित चालतंय, आणि तो खोटं बोलत नसतो. तोच कोड १८ किंवा २१ च्या अटीसाठी उचलला की बोंब. आणि चुकतं तेव्हा ते उशिराच्या बाजूने चुकतं, म्हणजे ज्याला हक्क मिळाला त्याला एक दिवस नाकारलं जातं. ३६५ वाला उलट, हक्क नसलेल्याला आधीच आत सोडतो. तुमच्या फॉर्मसाठी यातलं कुठलं जास्त महागात पडेल ते तुम्ही ठरवा, पण चूक दोन्हीकडे आहे.

३६५.२४२५ हा आकडा ग्रेगोरियन कॅलेंडरची सरासरी आहे. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं, एकूण १,४६,०९७ दिवस, भागिले ४००. सरासरी म्हणून अचूक आहे, वाद नाही. पण १८ गुणिले केलं की ६५७४.३६५ येतं, म्हणजे वरच्या २००४ वाल्याला हाही वाढदिवसाला १७ च म्हणणार. आणि हा वर दुसऱ्या बाजूनेही चुकतो. १५ जानेवारी १९५६ चा जन्म घ्या, १४ जानेवारी २०२१ ला त्याचे २३,७४१ दिवस झालेत, आणि ६५ गुणिले ३६५.२४२५ येतं २३,७४०.७६, म्हणजे कोड एक दिवस आधीच ६५ म्हणतो. जास्त दशांश घेतले म्हणून जास्त बरोबर असं इथे होत नाही.

आता मुख्य मुद्दा, हा कळला की पुन्हा कधी भागाकाराकडे जाणार नाही. दोन माणसं शेजारी ठेवा. एक १५ मार्च २००४ चा, आज तारीख १५ मार्च २०२२. दुसरा १५ मार्च २००६ चा, आज तारीख १४ मार्च २०२४. दोघांचेही दिवस मोजा, दोघांचे ६५७४. पहिला आज १८ पूर्ण, दुसऱ्याला अजून एक दिवस बाकी, म्हणून १७. म्हणजे एकाच दिवससंख्येची बरोबर उत्तरं दोन आहेत. मग ६५७४ ला तुम्ही कुठल्याही आकड्याने भागा, भागाकार एकच येणार, दोघांपैकी एक जण चुकणारच. असा जादूचा आकडा सापडला नाही असं नाही, तो असूच शकत नाही. वजाबाकी करून दिवस काढले त्याच क्षणी कुठल्या वर्षातून कुठल्या वर्षात आलो ही माहिती गेली, आणि नंतर कितीही भारी गणित केलं तरी ती परत येत नाही.

वय (आपण रोज ज्याला म्हणतो ते, पूर्ण झालेली वर्षं) हे लांबी मोजून येत नाही. किती वाढदिवस होऊन गेले त्याची ती मोजणी आहे. म्हणून प्रश्न असा विचारायचा: वर्षांमधला फरक किती, आणि या वर्षीचा वाढदिवस झाला का? झाला नसेल तर एक कमी. संपलं.

```python
def vay(dob, aaj):
    n = aaj.year - dob.year
    if (aaj.month, aaj.day) < (dob.month, dob.day):
        n -= 1
    return n
```

तुमच्या टेस्टरची तारीख टाका. २०२४ वजा २००६ बरोबर १८. १० मार्चला (3, 10) हे (3, 15) पेक्षा लहान, म्हणून १७. १५ मार्चला दोन्ही सारखे, लहान नाही, म्हणून १८. लीप वर्षांचा उल्लेखसुद्धा नाही आणि तरी सगळं बरोबर, कारण आपण दिवस मोजतच नाहीये.

महिना आणि दिवस अशी जोडी करून तुलना करतोय हे महत्त्वाचं आहे, आधी महिना बघायचा आणि महिना सारखा असेल तरच दिवस. लोक इथे घाईत `aaj.month < dob.month or aaj.day < dob.day` असं लिहितात, मग १० एप्रिलला महिना पुढे गेलाय तरी १० हे १५ पेक्षा लहान म्हणून एक वर्ष कापलं जातं. हा बग वाढदिवसानंतरच्या दर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दिसतो म्हणून लवकर सापडतो तरी. त्याहून लबाड प्रकार म्हणजे वर्षातला कितवा दिवस ते काढून तुलना करणं. १५ मार्च साध्या वर्षात ७४ वा दिवस आणि लीप वर्षात ७५ वा. जन्म २००४ चा (७५), आज १५ मार्च २०२२ (७४), कोड म्हणणार वाढदिवस अजून व्हायचाय. दारातून घालवलेला लीप इयर खिडकीतून आत.

ज्या भाषेत अशी जोडी करता येत नाही तिथे तारीख आठ आकडी संख्या करून वजा करा आणि दहा हजारने भागा. २०२४०३१४ वजा २००६०३१५ येतं १७९९९९, दहा हजारने पूर्णांक भागाकार १७. दुसऱ्या दिवशी १८००००, म्हणजे १८. दिसायला जुगाड वाटतं पण आत हेच लॉजिक आहे, महिना-दिवस मागे असला की वर्षातून एक हातचा जातो. हा भागाकार चालतो कारण इथे आपण दिवसांना भागत नाही.

नेटवर अजून एक युक्ती फिरते, मिलिसेकंदांचा फरक घ्यायचा, त्याची १९७० पासूनची तारीख बनवायची आणि वर्षातून १९७० वजा करायचे. हुशार दिसते पण तुमच्या टेस्टरला १४ मार्च २०२४ ला ती १८ सांगेल, कारण १९७० ते १९८८ मधे चारच लीप दिवस आहेत, तुमच्या माणसाच्या आयुष्यात पाच. म्हणजे कोणाच्यातरी दुसऱ्याच अठरा वर्षांशी तुलना चाललीये.

आता जिथे खरंच "परिस्थितीवर अवलंबून" म्हणावं लागतं ती जागा: २९ फेब्रुवारीला जन्मलेले. २९ फेब्रुवारी २००४ चा माणूस २०२२ मध्ये १८ कधी होतो, २८ फेब्रुवारीला का १ मार्चला? हे गणिताने ठरत नाही, नियमाने ठरतं, आणि नियम देशागणिक वेगळा आहे. हाँगकाँगच्या कायद्यात १ मार्च धरतात, न्यूझीलंडच्या कायद्यात २८ फेब्रुवारी. वरचं फंक्शन १ मार्च धरतं, कारण (2, 28) हे (2, 29) पेक्षा लहान आहे. तुमच्या नियमात २८ असेल तर तेवढी एक अट वेगळी घाला आणि बाजूला कमेंट लिहा की हे मुद्दाम आहे.

लायब्ररी वापरली की हा प्रश्न सुटला असं समजू नका, लायब्ररीने तुमच्या वतीने गुपचूप निर्णय घेतलेला असतो. जावाचं `Period.between` २९ फेब्रुवारी २००४ ते २८ फेब्रुवारी २०२२ ला १७ वर्षं म्हणतं. पायथनमध्ये dateutil चं `relativedelta` त्याच दोन तारखांना १८ म्हणतं. दोघंही चूक नाहीत, नियम वेगळा निवडलाय इतकंच. पण सर्व्हर जावात आणि रिपोर्ट पायथनमध्ये असेल तर एका दिवसासाठी एकच माणूस दोन वयांचा. बाकी लायब्ररीला माझा विरोध नाही, उलट मी तर वापरा असंच म्हणेन, फक्त ही एक तारीख टाकून ती काय म्हणते ते बघून ठेवा. आणि हाताने लिहिताना `dob.replace(year=...)` करून या वर्षीचा वाढदिवस बनवत असाल तर साध्या वर्षात २९ फेब्रुवारी बनत नाही आणि थेट `ValueError` येतो. असा कोड चार वर्षांतून एकदा नाही, चारपैकी तीन वर्षं त्या लोकांसाठी पडतो.

डेटाबेसमध्ये वेगळे खड्डे आहेत. एसक्यूएल सर्व्हरचं `DATEDIFF(year, ...)` पूर्ण वर्षं मोजत नाही, मधे किती वेळा १ जानेवारी आला ते मोजतं. ३१ डिसेंबर २००६ चा माणूस १ जानेवारी २०२४ ला त्याला १८ चा वाटतो, प्रत्यक्षात जवळजवळ वर्ष बाकी आहे. मायएसक्यूएलचं `TIMESTAMPDIFF(YEAR, dob, CURDATE())` मात्र पूर्ण वर्षंच देतं. नावं सारखी, वागणं वेगळं.

आणि तुमच्यासारखी फक्त अट तपासायची असेल, म्हणजे १८ पूर्ण आहे का नाही एवढंच, तर वय काढूच नका. आजच्या तारखेतून १८ वर्षं मागे जा आणि जन्मतारीख त्या दिवशी किंवा त्याआधीची आहे का बघा. लाखो ओळींच्या टेबलवर हे फास्टही असतं कारण जन्मतारखेचा इंडेक्स वापरला जातो, प्रत्येक ओळीला फंक्शन लावावं लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये:

```sql
WHERE dob <= current_date - interval '18 years'
```

हीच अट लोक उलटी करून `dob + interval '18 years' <= current_date` अशीही लिहितात आणि वाटतं की शाळेतल्या गणितासारखं हे इकडचं तिकडे नेलं. नाही. २९ फेब्रुवारी २००४ मध्ये १८ वर्षं मिळवली की २०२२ ला २९ तारीख नसल्यामुळे पोस्टग्रेस २८ फेब्रुवारी देतं, म्हणजे तो माणूस २८ ला पास. पहिल्या पद्धतीत २८ फेब्रुवारी २०२२ मधून मागे गेलं की २८ फेब्रुवारी २००४ येते, जन्म त्यानंतरचा, म्हणजे नापास, १ मार्चला पास. दोन ओळी, दोन नियम. प्रोजेक्टमध्ये एकच ठेवा.

राहिला "आज" म्हणजे काय हा प्रश्न. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल आणि माणूस यूटीसीच्या पुढच्या टाइमझोनमध्ये असेल तर त्याच्याकडे मध्यरात्र उलटून वाढदिवस सुरू झाला तरी सर्व्हरवर काही तास कालचीच तारीख असते. कोणाची तारीख धरायची हे आधी ठरवा आणि त्या टाइमझोनमधली तारीख काढून फंक्शनला द्या. वर `aaj` बाहेरून पाठवलंय ते याचसाठी, आणि टेस्ट करता यावी म्हणूनसुद्धा. जन्मतारीख मात्र नुसती तारीख म्हणूनच साठवा, वेळ आणि टाइमझोन चिकटवू नका. जावास्क्रिप्टमध्ये `new Date("2006-03-15")` ही यूटीसीची मध्यरात्र धरली जाते, आणि यूटीसीच्या मागे असलेल्या टाइमझोनमध्ये ब्राउझरला `getDate()` विचारलं की १४ मिळतं. मग फंक्शन कितीही बरोबर असलं तरी जन्मतारीखच एक दिवस आधीची.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर दिवस काढू नका, वर्ष वजा करा, महिना-दिवसाची जोडी बघून एक कमी करा, २९ फेब्रुवारीचा नियम विचारून घ्या आणि आजची तारीख कोणाची ते ठरवा.

टेस्टमध्ये मी निदान एवढ्या तारखा ठेवतो. १५ मार्च २००६ साठी १४ आणि १५ मार्च २०२४, म्हणजे १७ आणि १८ यायला हवेत. १५ मार्च २००४ साठी १४ आणि १५ मार्च २०२२, पुन्हा १७ आणि १८. या दोन जोड्या मिळून दिवसांना भागणारा कुठलाही कोड पकडतात, वर दाखवलं त्याच कारणाने. मग ३१ डिसेंबर २००६ ला १ जानेवारी २०२४ शी, १७ आलं पाहिजे. महिना-दिवस वेगळे तपासणाऱ्यांसाठी १५ मार्च २००६ ला १० एप्रिल २०२४ शी, इथे १८. आणि २९ फेब्रुवारी २००४ साठी २८ फेब्रुवारी आणि १ मार्च २०२२, इथे अपेक्षित उत्तर तुमच्या नियमावर. जन्मतारीख भविष्यातली आली तर फंक्शन उणे आकडा देईल, तिथे एरर दाखवायची का काय ते फॉर्मच्या पातळीवर बघा.

भागाकार कधीच करू नये असंही नाही. हजारो लोकांचं सरासरी वय काढायचंय, आलेख काढायचाय, ३४.७ वर्षं असा दशांशातला आकडा हवाय, तिथे दिवस भागिले ३६५.२५ खुशाल करा, एखाद्या दिवसाच्या फरकाने काही बिघडत नाही. फक्त त्या दशांशाचा पूर्णांक करून कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही ते ठरवू नका. आणि काही विमा कंपन्या जवळच्या वाढदिवसाचं वय धरतात, म्हणजे साडेसतरा उलटले की १८, तर अशा ठिकाणी काम असेल तर आधी त्यांची व्याख्या लेखी मागून घ्या, कारण तिथे वरचं फंक्शन बिनचूक चालूनही उत्तर चुकीचं येईल.